वजन 'नॉर्मल', नाडी ४२ : चौदा वर्षांच्या मुलीची एक केस

मुलीचं नाव बदललंय, घरच्यांच्या परवानगीने लिहितेय, आणि ओळख पटेल असे दोनचार तपशीलही बदललेत. मुग्धा म्हणू. वय चौदा, नववीत, घर नाशिकला सिडकोकडे. दिवाळीची सुट्टी संपता संपता आई तिला माझ्या ओपीडीत घेऊन आली आणि तक्रार होती पाळीची. चार महिने आली नाही. वजनाचा विषयच नव्हता. उलट मी वजनाबद्दल विचारलं तर आई जरा कौतुकानेच म्हणाली, "मॅडम, वजन तर तिने मस्त कमी केलंय, जूनमध्ये एकसष्ट होती, शाळेच्या तपासणीत जास्त वजन म्हणून लिहून आलं होतं ना, तेव्हापासून मनावर घेतलं पोरीने."

इथेच ही केस हातातून सुटू शकली असती. कारण काट्यावर वजन आलं ४४.८ किलो, उंची १५८ सेंमी, म्हणजे बीएमआय साधारण १७.९, आणि चार्टवर ठिपका मधल्या पट्ट्यातच पडतो. हाडांचा सापळा झालेली मुलगी डोळ्यासमोर ठेवून बसलात तर अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार, सुचतच नाही. समोर बसलेली मुलगी जराशी बारीक, हुशार, विचारलं तेवढंच बोलणारी. फक्त नोव्हेंबरातल्या दुपारी अंगात दोन स्वेटर आणि वर जॅकेट. निफाडला पारा खाली जातो हे खरं, पण ते पहाटे, दुपारी दोन वाजता नाही.

जॅकेट काढायला लावलं. हात हातात घेतले तर बर्फासारखे, नखांखाली निळसर. पाठीवर आणि दंडावर बारीक मऊ लव, बाळाच्या अंगावर असते तशी. तळहात पिवळट पण डोळे पांढरे, म्हणजे कावीळ नाही, ती दिवसभर गाजरं खात होती त्याचा रंग. मग मनगटावर बोट ठेवलं आणि घड्याळाकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजलं. ४२. पुन्हा मोजलं. ४३.

पूर्ण एक मिनिट मोजायचं हे मुद्दाम लिहितेय, कारण ओपीडीत बोटाला ऑक्सिमीटर लावून पाच सेकंदांत आकडा वाचायची सवय सगळ्यांना लागलीय, आणि मूल नुकतंच जिना चढून आलेलं असतं. या आजारात नाडीचा खरा आकडा दिसतो तो पाच मिनिटं शांत आडवं झोपवल्यावर. तसं झोपवून घेतलं तेव्हा बीपी ९४/६०, नाडी ४३. मग उभी केली, तीन मिनिटं उभीच ठेवली, आई बाजूला धरायला. बीपी ७२/५२, नाडी ८६, आणि पोरगी म्हणाली, "मॅडम, डोळ्यासमोर काळं येतंय." लगेच बसवलं. काखेतलं तापमान ९५.८ फॅरनहाइट.

आता हे आकडे कशाशी लावून बघायचे ते सांगते. किशोरवयीनांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेचे, म्हणजे सोसायटी फॉर अ‍ॅडोलेसंट हेल्थ अँड मेडिसिनचे, भरती करण्याचे निकष बऱ्याच ठिकाणी वापरतात. दिवसा नाडी ५० च्या खाली किंवा रात्री ४५ च्या खाली, बीपी ९०/४५ च्या खाली, तापमान ३५.६ सेल्सिअस म्हणजे ९६ फॅरनहाइटच्या खाली, उभं राहिल्यावर वरचं बीपी २० पेक्षा जास्त किंवा खालचं १० पेक्षा जास्त उतरून तसंच राहणं. उभं राहिल्यावर नाडी किती वाढली हेही बघतात, पूर्वी २० ची वाढ पुरे धरायचे, पण वाढत्या वयातल्या धडधाकट मुलांचीही तेवढी वाढते, म्हणून आता ४० च्या वर गेली तर मोजतात. यातलं एक जरी बसलं तरी भरतीचा विचार करायचा. मुग्धाच्या बाबतीत नाडी, तापमान, उभं राहिल्यावरचं बीपी आणि नाडीची उडी, चारही बसत होते. आणि वजन मात्र "बरं" होतं.

वजनाचा निकषही आहेच, पण तो किलोत नसतो. त्या वयाच्या मुलींचा मधला बीएमआय घ्यायचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चौदा पूर्ण झालेल्या मुलीचा तो १९.६ आहे, आणि आपल्या मुलीचा बीएमआय त्याच्या किती टक्के येतो ते काढायचं. ७५ टक्के किंवा खाली असेल तर तेवढ्या एका कारणावर भरती. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सच्या २०२२ च्या मार्गदर्शनात ७० च्या खाली लाल, म्हणजे मोठ्या धोक्याची, खूण आहे. मुग्धाचं गणित १७.९ भागिले १९.६, म्हणजे ९१ टक्के. आकड्यावर गेलं तर घरी पाठवायची केस.

पण ते १७.९ सुद्धा खोटं होतं.

मला शंका आली ती तिच्या बाटलीवरून. एक लिटरची स्टीलची बाटली, ओपीडीत बसल्या बसल्या रिकामी केलेली, आणि आई म्हणाली की घरूनही पाणी पिऊन निघाली, "डॉक्टर म्हणतात ना भरपूर पाणी प्या." बाथरूमला पाठवलं, लघवीचं सॅम्पल घेतलं, पट्टीवर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी पाण्याला लागूनच आली, लॅबने नंतर १.००२ दिली. मग हॉस्पिटलचा गाऊन घालायला लावून परत काट्यावर उभी केली, पाठ आकड्याकडे. ४३.२. म्हणजे दीड किलोच्या वर नुसतं पाणी आणि कपडे. त्याच दिवशी सोडियम १३१ आलं तेही त्याच पाण्याने पातळ झालेलं. मुलगी लबाड आहे असं यातून काढू नका, ती घाबरलेली होती आणि वजन कमी दिसलं तर आपल्याला जबरदस्तीने खायला घालतील हे तिला पक्कं कळत होतं. पण आपण मात्र वजन करताना रिकामं मूत्राशय, एकच गाऊन, एकच काटा आणि आधी लघवीची पट्टी, हे सोडायचं नाही. काही मुली खिशात, केसात, आतल्या कपड्यात जड वस्तू लपवतात, म्हणून गाऊन.

खऱ्या वजनाने बीएमआय १७.३, मधल्या आकड्याच्या ८८ टक्के. अजूनही 'नॉर्मल'च. मग दुसरं गणित करायचं, जे या केसमध्ये खरं बोललं: ६१ वरून ४३.२, पाच महिन्यांत १७.८ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या २९ टक्के. आधी जाड असलेली मुलगी एवढं वजन एवढ्या पटकन घालवते तेव्हा तिचं हृदय हे बघत नाही की ती आता चार्टवर कुठे आहे, शरीर उपासमारीचाच हिशोब लावतं, इंधन नाही म्हणून सगळं मंद करतं, नाडी, तापमान, पाळी, आतड्यांची हालचाल. याला अ‍ॅटिपिकल अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात आणि नावातल्या 'अ‍ॅटिपिकल'मुळे लोक त्याला सौम्य समजतात, ते साफ चूक आहे. आणि पाळी बंद असणं निदानाला लागतंच असंही आता नाही, मानसिक आजारांच्या निदानाच्या डीएसएम-५ या पुस्तकात २०१३ सालीच ती अट काढली. मुग्धाच्या बाबतीत पाळीने फक्त तिला दवाखान्यापर्यंत आणलं, एवढे उपकार.

आईला बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलले. ही पायरी घाईत गाळली जाते. सुरुवात श्रावणात झाली, सोमवार धरले, मग शनिवारही धरला, मग नवरात्राचे नऊ दिवस. आमच्याकडे उपास करणाऱ्या पोरीला कोण अडवतं, उलट आजी कौतुक करायची. पण साबुदाणा खिचडी आणि रताळं घरच्यांसाठी, ती स्वतः काकडी आणि कोरी कॉफी. नवरात्र संपलं तरी उपास संपला नाही. काल काय खाल्लं ते सकाळपासून एकेक करून विचारलं: अर्धी पोळी, दोन गाजरं, एक सफरचंद, वाटीभर पातळ वरण. सगळं मिळून चारशे कॅलरीच्या आसपास. शाळेचा डबा मैत्रिणीला. पहाटे साडेपाचला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बाबांबरोबर, बाबा दोन फेऱ्या मारून बाकावर बसायचे, ही आठ मारायची, आणि रात्री खोलीचं दार लावून उठाबशा. "थांबलं तर काय होईल असं वाटतं?" विचारलं तर बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सगळं परत येईल."

उलटी करते का, जुलाबाचं काही घेते का, हे थेट विचारायचं, आडून नाही. उलटी नाही म्हणाली, आणि बोटांच्या सांध्यांवर दातांचे घट्टे नव्हते, दातांचं वरचं आवरण झिजलेलं नव्हतं, गालाखालच्या ग्रंथी सुजलेल्या नव्हत्या, तेव्हा मी विश्वास ठेवला. पण आजीच्या चूर्णाचा डबा हल्ली लवकर संपायला लागला होता. पोटॅशियम ३.४ आलं ते त्यामुळेच असणार. आणि शेवटचा प्रश्न, जगायचं नाही असं वाटतं का. "कधी कधी वाटतं नसते तर बरं," म्हणाली, पण कसं, कधी, असा काही बेत नव्हता. बेत असता तर तेवढ्यावरही भरती करावी लागली असती. हे मी तिला सांगून आईपर्यंत पोचवलं, तिच्या पाठीमागे नाही.

मग जमिनीवर उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगितलं. आपल्याकडच्या चौदा वर्षांच्या पोरीला हे पाणी प्यायल्यासारखं जमतं. मुग्धा उठली, पण मध्येच थबकून, मांड्या थरथरत. स्नायू किती गेलेत ते रक्ताच्या कुठल्याच तपासणीत कळत नाही, यात कळतं. हात टेकल्याशिवाय उठताच आलं नसतं तर ती लाल खूण.

आता या केसमधला सगळ्यात जास्त वाद झाला तो मुद्दा. बाबा म्हणाले, "अहो मॅडम, रोज पळते ती, खेळाडूंची नाडी कमीच असते, मी वाचलंय." चूक बोलत नव्हते, रोज पळणाऱ्यांची नाडी पन्नासच्या आसपास असू शकते. पण फरक ओळखायची एक साधी युक्ती आहे. खेळाडूला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा, त्याची नाडी फारशी हलत नाही, कारण त्याचं हृदय मोठं आणि दमदार असतं, थोड्या ठोक्यांत काम भागतं. उपाशी मुलीचं हृदय आकसलेलं असतं, नुसतं चाललं तरी ठोके उड्या मारतात. बाबांसमोरच तिला ओपीडीच्या पॅसेजमध्ये एकदा जाऊन यायला लावलं. ४४ वरून १०४. शिवाय खेळाडूचे हात असे गार नसतात आणि तापमान ९५.८ नसतं. बाबा त्यानंतर काही बोलले नाहीत, मोबाईल खिशात ठेवला.

दुसरे आजार नाहीत ना हे बघायलाच हवं, आपल्याकडे तर टीबी पहिला. वजन घटलेल्या मुलीत टीबी, थायरॉइड वाढलेला, टाइप १ डायबेटिस, सीलिअ‍ॅक, आतड्यांची सूज, हे सगळं मनात ठेवायचं. पण टीबी आणि थायरॉइड वाढला असेल तर नाडी सहसा जोरात असते, इथे ती रांगत होती. ईएसआर ६, तो जास्त असता तर मी आतड्यांच्या आजाराकडे वळले असते. साखर ६८. टीएसएच नॉर्मल, टी३ कमी. ओळखीच्या कोणीतरी तो टी३ बघून थायरॉइडची गोळी सुरू करा सांगितलं होतं, नशीब की चालू केली नव्हती. उपासमारीत शरीर स्वतःहून टी३ खाली आणतं, खर्च वाचवायला. वरून गोळी दिली की वजन अजून उतरतं आणि हृदयावर ताण, आणि काही मुली ती गोळी आनंदाने घेतात कारण त्यांना तेच हवं असतं.

बाकी रिपोर्ट जवळजवळ चांगले होते. हिमोग्लोबिन १२, किडनी ठीक, फॉस्फेट ३.६. आई म्हणाली, "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना मग अ‍ॅडमिट कशाला?" हेच वाक्य मी अशा बहुतेक केसेसमध्ये ऐकते. शरीर रक्तातले आकडे शेवटपर्यंत सांभाळतं, स्नायू आणि हाडांतून काढून भरत राहतं. रिपोर्ट बिघडले तर धोका नक्की, पण रिपोर्ट चांगले म्हणजे धोका नाही असं उलटं वाचता येत नाही. ईसीजीत नुसती मंद लय, ४४. क्यूटी, म्हणजे ठोक्याची विजेची लाट सुरू होऊन शमेपर्यंतचा वेळ, मी पट्टीने मोजलं, मशीनवर सोडलं नाही, कारण नाडी इतकी कमी असली की मशीनचं नेहमीचं बझेटचं सूत्र नाडीनुसार सुधारलेलं क्यूटी, म्हणजे क्यूटीसी, प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतं. क्यूटी ४६० मिलिसेकंद, क्यूटीसी बझेटने ३९४, फ्रिडेरिशियाने ४१५. दोन्ही ठीक. क्यूटीसी ४६० च्या वर असतं तर आधी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरून मगच पुढचं बोलले असते, आणि मळमळीवरचं ओंडानसेट्रॉन वगैरे काही हाताला लागू दिलं नसतं.

तेव्हा भरती. मानसोपचाराच्या वॉर्डात नाही, मुलांच्या वॉर्डात, मॉनिटर असलेल्या बेडवर, कारण या घडीला धोका हृदयाचा आणि क्षारांचा आहे, मनाचं काम मानसोपचारतज्ज्ञ मॅडम रोज येऊन तिथेच सुरू करतील. मुग्धा रडली, नाही म्हणाली. वय चौदा, सही आईबाबांची. बाबांनी शेवटचा प्रयत्न केला, "दोन बाटल्या सलाईन लावून द्या, ताकद येईल, घरी नेतो."

या सलाईनवर दोन ओळी जास्त लिहिते. आकसलेल्या हृदयावर भराभर सलाईन सोडलं तर त्याला ते पेलत नाही, पाणी फुप्फुसात साचू शकतं. आणि ग्लुकोजची बाटली तर आणखी वाईट: उपाशी शरीरात एकदम साखर गेली की इन्शुलिन उसळतं, इन्शुलिन फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींच्या आत ओढून नेतं, आणि रक्तातलं फॉस्फेट कोसळलं की श्वासाचे स्नायू आणि हृदय दोन्ही दगा देतात. यालाच रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणजे चार महिने उपाशी पोरीला ताकदीची बाटली लावणं हाच एक अपघात. बीपी खूपच पडलं किंवा साखर अगदी खाली गेली तर द्यावंच लागतं, पण हळू आणि मोजून. मुग्धाला एकही बाटली लागली नाही. तोंडाने जेवली.

पहिल्या रात्री मॉनिटरवर नाडी ३६ पर्यंत उतरली, सिस्टरने मला पावणेतीनला फोन केला. झोपेतून हलवली तर उठली, बीपी ठीक, ईसीजीत मंद लयच. मंद नाडीवर अ‍ॅट्रोपिन द्यायचं नाही, औषध म्हणजे अन्न. हृदयातली वायरिंग बिघडलेली नाहीये, इंधन नाहीये.

किती खायला घालायचं? पूर्वी हजार-बाराशे कॅलरीपासून भीत भीत सुरू करायचे आणि मुली पहिल्या आठवड्यात आणखीच उतरायच्या. २०२० साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात १४०० आणि २००० अशा दोन सुरुवाती तुलना केल्या, २००० वाल्या मुली साधारण तीन दिवस आधी स्थिर झाल्या आणि क्षारांचा त्रास जास्त झाला नाही. पण तिथे रोज रक्त तपासत होते हे विसरायचं नाही, आणि फारच खंगलेल्या मुलांना तो हिशोब जसाच्या तसा लागू नाही. मी १६०० पासून सुरू केलं, रोज २०० वाढवत, कारण वजन बरं असलं तरी कित्येक आठवडे ती चारशेवर होती. थायमिन पहिल्या घासाच्या आधी. तीन जेवणं, तीन मधली खाणी, प्रत्येकाला वेळ ठरलेली, सिस्टर नाहीतर आई समोर बसलेली, आणि जेवणानंतर तासभर बाथरूमला एकटं नाही.

तिसऱ्या दिवशी फॉस्फेट ३.६ वरून २.४ वर आलं. बहुतेक वेळा हे दुसऱ्या ते पाचव्या दिवसात होतं, म्हणून पहिला आठवडा रोज सकाळी रक्त. तोंडाने फॉस्फेट सुरू केलं, कॅलरी एक दिवस तिथेच थांबवल्या, कमी केल्या नाहीत, पाचव्या दिवशी ३.२. रोज रक्त घेतलं नसतं तर हे कळलंच नसतं, मुलीला वरून काहीही वाटत नव्हतं.

चौथ्या दिवशीच्या दुपारी मी राउंडला गेले तेव्हा ताट रिकामं होतं, आई खूश. पण ताट उचललं तर खाली पोळीचे बारीक तुकडे, नखाएवढे, ओळीने दाबून बसवलेले, आणि पेपर नॅपकिन तुपाने पारदर्शक झालेला, पोळीवरचं तूप त्याने पुसून घेतलं होतं. मुग्धा माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती. मी ओरडले नाही, तेवढ्या पोळीच्या बदल्यात ग्लासभर दूध आणलं आणि ती ते पिईपर्यंत तिथेच बसले, बावीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवसापासून आईने नॅपकिन बंद केले आणि पोळी तूप लावून घडी घालून द्यायला लागली.

अकराव्या दिवशी सोडलं. दिवसा ५६, रात्री ४६, उभं राहिल्यावर नाडी २४ ने वाढते, वरचं बीपी ८ ने उतरतं, तापमान ९७.४, पोटॅशियम आणि फॉस्फेट औषधाशिवाय दोन दिवस ठीक, समोर बसून २६०० कॅलरी खाते. वजन ४४.४. आजार बरा झाला म्हणून सोडलं नाही, घरी जाण्याइतकी सुरक्षित झाली म्हणून सोडलं. पुढचं काम घरचं: काय आणि किती वाढायचं हे आईबाबा ठरवणार, मुलगी नाही, आणि सहा-सात आठवडे शाळेच्या मधल्या सुट्टीत आई स्वतः डबा घेऊन जाणार. पळणं बंद, पीटीचा तास बंद, तशी चिठ्ठी शाळेला. आठवड्याला माझ्याकडे. परत कधी आणायचं तेही लिहून दिलं: चक्कर येऊन पडली, दोन दिवस जवळपास काहीच खाल्लं नाही, छातीत धडधड, किंवा झोपवून मोजलेली नाडी ५० च्या खाली. बाबांना पूर्ण मिनिट मोजायला शिकवलं, ते आता रोज रात्री वहीत लिहितात.

तिसऱ्या भेटीला वजन ४५.९ आलं आणि मी खूश होणार तेवढ्यात लघवीची पट्टी १.००५. वजनाखाली मी "पाणी?" असं लिहिलं आणि दोन दिवसांनी सकाळी उपाशीपोटी परत बोलावलं. ४४.८, पट्टी १.०२०, नाडी ५४. वाढ आहे, पण हळू. जेवणाचा तक्ता ३०० कॅलरीने वर नेला. पाळी अजून आलेली नाही, सहा महिने उलटले तर हाडांची डेक्सा करायची असं ठरलंय. आजी विचारत होती, महाशिवरात्रीला तरी करू दे का उपास. बाबाच म्हणाले, "आई, यंदा नाही."